दहाच्या जोड्या आणि मण्यांची दोरी : वर्धा जिल्ह्यातील बालवाडीच्या संदर्भात एक विवेचन

वर्धा या नावाचा शिक्षणविचाराशी असलेला संबंध सर्वपरिचित आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथे भरलेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेतून बुनियादी शिक्षणाची योजना पुढे आली. झाकीर हुसेन समितीने तिची रूपरेषा आखली ती सात वर्षांच्या मुलापासून पुढे. त्याहून लहान मुलांचा विचार सेवाग्राम येथे १९४५ च्या सुमारास ‘पूर्वबुनियादी’ या नावाने स्वतंत्रपणे मांडला गेला. हस्तव्यवसायातून ज्ञान हे त्या विचाराचे सूत्र असल्यामुळे मोजणीचे पहिले साहित्य पुस्तकात न शोधता हाताशी असलेल्या वस्तूंत शोधावे, ही दृष्टी या जिल्ह्यात नवी नाही. कापसाच्या या मुलखात सूत तर घरचेच. त्या सुताच्या पिळलेल्या दोरीत दहा मणी ओवले असता पाच वर्षांच्या मुलाला दहाच्या जोड्या, म्हणजे एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा आणि पाच-पाच, कशा आकळतात, आणि त्या आकलनात मराठी भाषेचा वाटा कोणता, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रथम साधनाविषयी. मणी दहाच असावेत. पाच लाल व पाच पांढरे, आणि एका रंगाचे सर्व मणी सलग. मण्याचा व्यास सुमारे दीड सेंटिमीटर असला, तर दहा मण्यांची रांग पंधरा सेंटिमीटरांची होते. दोरी त्याहून आठ-दहा सेंटिमीटर लांब ठेवून दोन्ही टोकांना पक्क्या गाठी माराव्यात. मोकळी जागा याहून कमी असली, तर मण्यांचे दोन गट एकमेकांपासून नीट सुटे दिसत नाहीत. फार जास्त असली, तर मणी तीन-चार ठिकाणी विखुरतात आणि दोन भागांची कल्पनाच मोडते. दोरी मण्याच्या भोकात किंचित घट्ट बसली पाहिजे. सरकवलेला मणी जिथल्या तिथे न राहता घरंगळत असेल, तर दोरीला आणखी एक पदर घालून पीळ द्यावा. लाकडाचे किंवा भाजून रंगवलेले मातीचे मणी चालतात. गुंजा दिसायला सुंदर व फुकट मिळणाऱ्या असल्या, तरी त्यांचे बी विषारी आहे, आणि एरंडीचेही तसेच. ही दोन्ही बालवाडीत मुळीच आणू नयेत. सुटे मणी मुलांच्या हाती न देता गाठ मारलेली दोरीच द्यावी, हेही त्याच कारणाने.

पाच-पाचच्या रंगांचे प्रयोजन केवळ शोभेचे नाही. माणसाची नजर तीन-चार वस्तूंपर्यंतचा आकडा न मोजता ओळखते. त्यापुढे मोजावे लागते. एकाच रंगाचे सात मणी समोर ठेवले, तर मूल दर वेळी एकपासून मोजील. पण डावीकडे पाच लाल व दोन पांढरे दिसले, की ‘पाच आणि दोन’ हे रूप थोड्या सरावाने नजरेला पटते, आणि उरलेले तीन पांढरे मणीही एका दृष्टीत येतात. हॉलंडमधील गणितशिक्षणतज्ज्ञ आद्रियान ट्रेफर्स यांनी मण्यांच्या चौकटीत हीच पाचाची रचना वापरली. भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट विशेष वाटेल. ख्मेर भाषेत सहा ते नऊ हे शब्द ‘पाच-एक’, ‘पाच-दोन’ असेच घडलेले आहेत. मराठीत ‘सहा’, ‘सात’, ‘आठ’, ‘नऊ’ या शब्दांत पाचाचा मागमूस नाही. शब्द जे सांगत नाही ते येथे रंगाला सांगावे लागते.

आता प्रत्यक्ष कृती. पहिल्या दिवशी जोड्या शिकवू नयेत. दोरीवर एकूण किती मणी आहेत ते मुलाने मोजावे. मग शिक्षिकेने काही मणी बाजूला सरकवावेत आणि पुन्हा विचारावे, ‘आता सगळे किती?’ जे मूल पुन्हा एकपासून मोजू लागते, त्याला मणी सरकल्याने दहा बदलत नाहीत ही खात्री अजून पटलेली नसते. संख्येच्या या टिकाऊपणाचे महत्त्व झाँ पियाजे यांनी दाखवून दिले आहे. ती खात्री नसताना ‘सात आणि तीन दहा’ हे वाक्य पाठ करून घेतले, तर ते एखाद्या बडबडगीतासारखे पाठ होते. सहा आणि किती, असे विचारताच गाडी अडते.

खात्री पटली म्हणजे दुसरी पायरी. शिक्षिकेने मुलासमोर न बसता शेजारी बसावे, म्हणजे दोघांची डावी बाजू एकच राहते. लाल टोक नेहमी डावीकडे. मुलाने सात मणी डावीकडे सरकवावेत, दोन्ही भाग पाहावेत आणि म्हणावे, ‘सात आणि तीन मिळून दहा.’ ही पायरी चार-पाच दिवस चालते. त्यानंतर उजवा भाग शिक्षिकेच्या मुठीत झाकला जातो आणि प्रश्न येतो, ‘मुठीत किती?’ खरे शिक्षण या मुठीपाशी होते, कारण येथे मुलाला जे दिसत नाही ते दिसणाऱ्यावरून सांगावे लागते. उत्तर बरोबर की चूक हे शिक्षिकेने सांगू नये, मूठ उघडावी.

या प्रश्नाची भाषा काळजीने ठरवली पाहिजे, आणि तिचा विचार सहसा होत नाही. ‘मणी’ हे नाम एकवचनात व अनेकवचनात सारखेच राहते. ‘लाल’ हे विशेषण बदलत नाही. पण ‘पांढरा’चे ‘पांढरे’ होते आणि क्रियापद तर वचनाप्रमाणे हमखास बदलते. नऊ मणी डावीकडे असताना शिक्षिका नकळत ‘मुठीत कोणता उरला?’ असे म्हणते, आणि मराठी कान असलेले मूल ‘उरला’वरून ‘एक’ हे उत्तर देते. गणित व्याकरणाने सुटले! प्रश्न म्हणून ‘मुठीत किती?’ असाच, क्रियापदाविना, सर्व जोड्यांसाठी एक ठेवावा. तसेच ‘साताला दहा व्हायला किती हवेत?’ हे वाक्य प्रौढाला सोपे वाटते. पाच वर्षांच्या मुलाला मात्र ‘सात’ हा शब्द ‘साताला’ या रूपात, आणि ‘नऊ’ तर ‘नवाला’ अशा पालटलेल्या रूपात, पुन्हा ओळखावा लागतो. प्रारंभी संख्याशब्द प्रत्ययाविना, मूळ रूपातच यावेत हे बरे. हा मुद्दा क्षुल्लक समजू नये. दुसरीच्या गणितात २०१९ साली बालभारतीने ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ ही वाचनपद्धती दिली तेव्हा उठलेला वाद संख्याशब्दाच्या घडणीविषयीच होता. बालवाडीतील प्रश्न त्याच जातीचा, फक्त कमी गाजलेला.

बोलीचाही प्रश्न आहे. या जिल्ह्यातील अनेक घरांत वऱ्हाडी वळणाची मराठी बोलली जाते आणि तीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘काळा’चा ‘काया’, ‘डोळे’चे ‘डोये’. त्या न्यायाने ‘माळ’ हा शब्द ‘माय’ होतो आणि ‘मिळून’ हा धड्याचा कणा असलेला शब्द मुलाच्या तोंडी ‘मियून’ असा येऊ शकतो. मोजणी चालू असताना उच्चार सुधारू नये. ज्या मुलाने बरोबर उत्तर दिले त्याला ‘असे नाही’ म्हटले, की ते उत्तरच चुकले असे समजते. साधनाला ‘माळ’ न म्हणता ‘दोरी’ म्हणणे या दृष्टीने सोयीचे आहे.

जोड्या लावण्याचा कागद आठ-दहा दिवसांनी द्यावा. अशा कागदांत सामान्यतः एक दोष आढळतो. डावीकडे एक ते नऊ आणि उजवीकडे नऊ ते एक असा क्रम लावला, तर सर्व रेषा आडव्या येतात आणि मुलाला काहीच विचार करावा लागत नाही. दोन्हीकडे चढता क्रम लावला, तर सर्व रेषा मधोमध एका बिंदूतून जातात आणि हा नमुना हुशार मुलाच्या लगेच ध्यानी येतो. म्हणून क्रम मोडावा, आकडे न लिहिता एकरंगी गोल काढावेत, आणि उजवीकडे एक चित्र जास्तीचे ठेवावे, म्हणजे शेवटची जोडी केवळ उरली म्हणून जुळणार नाही. एक नमुना असा :

डावीकडे, वरून खाली : ८, ६, ९, ७ गोल.
उजवीकडे, वरून खाली : ४, ७, ३, १, २ गोल.

दोरी मुलाच्या हाती असू द्यावी. आठ-दोन, सहा-चार, नऊ-एक आणि सात-तीन या रेषा बरोबर. एकही आडवी येत नाही. उजवीकडील सात उरतात. ते सात तेथे हेतुपूर्वक ठेवले आहेत. ज्या मुलाने डावीकडील सातापासून उजवीकडील सातापर्यंत रेषा ओढली, त्याला गणित येत नाही असे म्हणता येणार नाही. त्याने ‘जोडी’ म्हणजे ‘सारखे सारखे’ असा अर्थ घेतला आहे, आणि चपलांची, बैलांची जोडी ऐकत वाढलेल्या मुलाने तो घेणे स्वाभाविकच होय. उपाय गणितातला नसून शब्दातला आहे : ‘जोडी लाव’ ऐवजी ‘दहा कर’ असे सांगावे. याच कारणास्तव पाच-पाच ही जोडी या कागदावर घेतलेली नाही. तेथे बरोबर उत्तर आणि सारख्याला सारखे जुळवण्याची चूक यांची रेषा एकच येते, त्यामुळे काहीच निदान होत नाही. पाच-पाच तोंडी विचारावी.

दुसरी चूक अधिक उद्‌बोधक आहे. समजा, एका मुलाने आठाला तीन, नवाला दोन आणि साताला चार जोडले, आणि सहापाशी ते थांबले. कारण त्याला पाच हवे आहेत आणि पाच कागदावर नाहीत. प्रत्येक उत्तर एकाने जास्त आहे. अशा मुलाला बोटांवर मोठ्याने मोजायला सांगावे. ते ‘सात, आठ, नऊ, दहा’ म्हणत चार बोटे उघडते. म्हणजे जेथून निघायचे तो ‘सात’ हा शब्दही त्याने एक पाऊल म्हणून मोजला. ‘पुन्हा मोज’ असे सांगून ही चूक जात नाही, कारण पुन्हा ते तसेच मोजते. दोरीवर सातवा मणी डावीकडे ठेवून त्यावर शिक्षिकेने आपले बोट टेकवावे, ‘सात झाले’ असे म्हणावे, आणि पुढचा मणी सरकवतानाच मुलाने ‘आठ’ म्हणावे. शब्द मण्याच्या हालचालीशी बांधला गेला, की पहिले बोट आपोआप गळते. याउलट, रेषा कधी एकाने जास्त, कधी एकाने कमी अशा येत असतील, तर दोष मोजण्याच्या रीतीत नसून गोल मोजताना एखादा सुटण्यात आहे. तेथे गोल थोडे मोठे व अंतराने काढले की पुरते.

दोरीची मर्यादाही सांगितली पाहिजे. जे मूल मूठ झाकताच न मोजता उत्तर देते त्याच्या हातून ती काढून घ्यावी. अन्यथा डोक्यात झालेले काम ते हाताने पुन्हा करीत बसते. दहापलीकडे हे साधन अपुरे पडते. आठात पाच मिळवताना पाचाचे दोन आणि तीन करून दहा गाठायचे असतात, आणि त्यासाठी वीस किंवा अधिक मणी लागतात. दिल्लीच्या जोडो ज्ञान संस्थेची शंभर मण्यांची, दहा-दहाने रंग बदलणारी गणितमाळ त्या पुढच्या कामाची आहे. नऊ-एक या जोडीला मराठीत आणखी एक आधार पुढे मिळतो. ‘एकोणीस’, ‘एकोणतीस’ या शब्दांतील ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. बालवाडीतील मुलाला ही व्युत्पत्ती सांगण्यात अर्थ नाही. पण दुसरीत ‘एकोणतीस’ला अडणाऱ्या मुलापुढे तीस मण्यांतून शेवटचा एक मणी बाजूला सरकवला, तर त्या अवघड वाटणाऱ्या शब्दाचे अंग त्याला दोरीवर दिसू शकते.