डॉलरमध्ये कोटेशन देताय? मग दोन तारखा आणि एक दर लिहायला विसरू नका

निर्यातीच्या व्हिडिओखाली एक प्रश्न वारंवार येतो: "सर, परदेशातल्या पार्टीला डॉलरमध्ये रेट दिला, पण पैसे येईपर्यंत डॉलर खाली आला तर काय करायचं?" आज तेवढंच बघू. एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत त्याचाच हिशोब करू.

समजा, तुमचा सांगलीत हळद पावडरचा छोटा युनिट आहे. दुबईच्या एका व्यापाऱ्याला 2,000 किलो पावडर हवी आहे. माल, पॅकिंग, न्हावा शेवा बंदरापर्यंतचं भाडं, कागदपत्रं असा सगळा खर्च 3,80,000 रुपये येतो. तुम्हाला 42,000 रुपये नफा हवाय. म्हणजे हातात 4,22,000 रुपये पडायला हवेत.

आता याचे डॉलर करायचे. इथेच पहिली चूक होते. आपण मोबाईलवर दर बघतो, समजा 85 रुपये दिसतो, आणि त्यानेच भागतो. पण मोबाईलवर दिसणारा दर तुम्हाला मिळत नाही. बँक तुमचे डॉलर तिच्या खरेदी दराने घेते आणि तो नेहमी थोडा कमी असतो. कोटेशन बनवण्याआधी शाखेत फोन करून "आजचा टीटी बाइंग रेट काय?" एवढं विचारा. समजा बँकेने 84.40 सांगितला. 4,22,000 भागिले 84.40 म्हणजे बरोबर 5,000 डॉलर, किलोला अडीच डॉलर. (हे सगळे दर फक्त गणितासाठी धरलेत. तुम्ही त्या दिवशीचे घ्या.)

आता धोका किती ते बघा. पैसे येईपर्यंत बाजारातला दर 85 वरून 82.45 वर आला, म्हणजे फक्त 3 टक्के घसरला. बँक तुम्हाला 81.85 देईल. 5,000 डॉलरचे 4,09,250 रुपये झाले. खर्च तेवढाच, पण नफा 42,000 वरून 29,250 वर आला. दर 3 टक्के हलला आणि नफा 30 टक्के गेला! कारण दराचा फटका पूर्ण बिलावर बसतो आणि तो भरायचा असतो बिलातल्या छोट्याशा नफ्यातून. तुमचा नफा जितका बारीक, तितकी ही काळजी जास्त.

"मग दिरहममध्येच रेट देऊ का?" असंही काही जण विचारतात. त्याने फरक पडत नाही. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, 1 डॉलर म्हणजे 3.6725 दिरहम. रुपयाच्या तुलनेत डॉलर घसरला की दिरहमही तेवढाच घसरतो. आणि याच कारणाने दुबईच्या व्यापाऱ्याला डॉलरची धास्ती नसते. धास्ती आहे ती तुम्हाला, म्हणून अट तुम्हालाच लिहावी लागणार.

कोटेशन पाठवल्यापासून पैसे येईपर्यंत दोन टप्पे असतात. पहिला, कोटेशन ते ऑर्डर. दुसरा, ऑर्डर ते पेमेंट. दोन्हींसाठी उपाय वेगळा आहे.

पहिला टप्पा: मुदत

आपल्या बॅचमधल्या एका ताईंनी कोटेशनवर मुदतच लिहिली नव्हती. दोन महिन्यांनी पार्टीचा मेल आला, "तुमचा रेट मान्य, माल पाठवा." तोवर दरही बदलला होता आणि कच्च्या मालाचा भावही. नवा रेट सांगितल्यावर पार्टी म्हणाली, तुम्ही शब्द फिरवता. भारतीय करार कायदा सांगतो की मुदत लिहिलेली असेल तर ती संपल्यावर प्रस्ताव संपतो, आणि लिहिलेली नसेल तर 'वाजवी' काळाने संपतो. पण वाजवी म्हणजे किती, यावर पाच हजार डॉलरसाठी कोण कोर्टात जाणार?

म्हणून मुदत लिहा, आणि "15 दिवस" असं मोघम नको. 15 दिवस कधीपासून, यावरच वाद होतो. थेट तारीख आणि वेळ टाका: "अमुक तारखेला भारतीय वेळेनुसार संध्याकाळी 6 वाजेपर्यंत वैध." ऑर्डर पक्की कधी धरायची तेही लिहा: लेखी होकार आला आणि 30 टक्के ॲडव्हान्स आपल्या बँक खात्यात जमा झाला की. पेमेंट पाठवल्याची नुसती कॉपी आली म्हणजे पैसे आले असं नाही.

दुसरा टप्पा: दराची अट

ऑर्डर पक्की झाली, आता माल तयार करून पाठवायला महिना-दीड महिना जातो. या काळासाठी दराची अट. तिला एक आधार लागतो जो दोघांनाही बघता येईल. तुमच्या बँकेचा दर पार्टी मान्य करणार नाही. एफबीआयएल ही संस्था कामाच्या दिवशी डॉलर, युरो, पाउंड आणि येनचा संदर्भ दर जाहीर करते, तो घ्या. आपल्या उदाहरणात कोटेशनच्या दिवशी तो 85 होता असं धरू.

अट साधारण अशी लिहा आणि इंग्रजीत करून कोटेशनमध्ये टाका:

> "ही किंमत 1 डॉलर = 85.00 रुपये या एफबीआयएल संदर्भ दरावर आधारित आहे. बाकी रकमेचं इनव्हॉइस ज्या दिवशी निघेल, त्याच्या आदल्या कामाच्या दिवशीचा संदर्भ दर यापेक्षा 2 टक्क्यांहून अधिक वर किंवा खाली असेल, तर 2 टक्क्यांपलीकडच्या फरकापुरती बाकी रक्कम त्या प्रमाणात कमी-जास्त होईल. इनव्हॉइसपासून 7 दिवसांत पेमेंट करावं."

आता हिशोब. 1,500 डॉलर ॲडव्हान्स लगेच आला, 84.40 ने 1,26,600 रुपये झाले. बाकी राहिले 3,500. इनव्हॉइसच्या वेळी संदर्भ दर 82.45. दोन टक्क्यांची खालची मर्यादा 83.30. म्हणून नवी बाकी रक्कम 3,500 × 83.30 ÷ 82.45, म्हणजे 3,536.08 डॉलर. पार्टीला फक्त 36 डॉलर जास्त. बँकेने 81.85 दिला तर तुम्हाला 2,89,428 रुपये. एकूण 4,16,028, नफा 36,028. अट आणि ॲडव्हान्स नसता तर 29,250 वर थांबला असता.

लक्षात घ्या, अट दोन्ही बाजूंनी आहे. डॉलर 2 टक्क्यांपेक्षा जास्त वर गेला तर त्यापलीकडचा फायदा पार्टीला द्यावा लागेल. तो द्या. एकतर्फी अट शहाणा व्यापारी खोडूनच टाकतो. आणि ही अट फक्त चलनासाठी आहे. हळदीचा भाव वाढला तर ती वाचवणार नाही, त्यासाठी ॲडव्हान्स आला की कच्चा माल घेऊन ठेवा.

काही मोठे खरेदीदार म्हणतील, "अटबिट नको, एकच रेट द्या." मग मुदत 7 दिवसांवर आणा, ॲडव्हान्स 50 टक्के मागा, नाहीतर बँकेत बाकी रकमेचं फॉरवर्ड बुकिंग करा. त्यात पुढच्या तारखेचा दर आजच पक्का होतो. पण पार्टीने ऑर्डर रद्द केली तर बुकिंग मोडताना दराचा फरक तुमच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून ॲडव्हान्स खात्यात दिसल्याशिवाय बुकिंग करू नका.

तुमचं शेवटचं डॉलरमधलं कोटेशन आत्ता उघडा. त्यावर मुदतीची तारीख, इनव्हॉइसच्या आदल्या दिवशी दर तपासायची अट आणि आधाराचा दर, हे तिन्ही आहे का बघा. नसेल, तर पुढचं पाठवायच्या आधी टाका.