मोजणीचं दरपत्रक मागवताना

शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था परवानाधारक भूमापकाला बहुधा एकच ओळ लिहितात: ‘गटाची हद्द मोजायची आहे, दर कळवावा.’ अशा पत्राला प्रत्येकजण वेगळाच आकडा कळवतो, कारण काय हातात द्यायचं हेच त्यात नसतं.

पत्रात पहिली मागणी आधाराची हवी. हद्द कशावरून काढणार, गावनकाशावरून की मूळ टिपणावरून? गावनकाशा १:५००० प्रमाणाचा असेल, तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होते. बांध २०० मीटर लांब असेल, तर त्या रेघेखालीच ५०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास पाच गुंठे येतात. भांडण एका मीटरचं असलं तर असा नकाशा मोठा करून काहीच ठरत नाही. टिपणात मात्र जागेवर मोजलेली अंतरंच लिहिलेली असतात.

म्हणून हेही मागावं: प्रत्येक कोपऱ्याचे निर्देशांक व त्यांतली संभाव्य चूक, जागेवर रोवलेल्या खुणा, आणि वहिवाटीची व अभिलेखाची रेषा वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा नकाशा. दोन्ही रेषांतला फरक मीटरमध्ये लिहून हवा. माझ्या मते पैसे खरे त्याचेच. शेजाऱ्यांना नोटीस कोण देणार आणि खुणांचे दगड कोणाच्या खर्चाने, हेही आधीच विचारावं.

शेजाऱ्याने हरकत घेतली, तर नुसता खासगी नकाशा पुरत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाचा रस्ता धरावा लागतो.