मोहरीच्या तेलावर ‘फक्त बाह्य वापरासाठी’ का लिहितात?

समजा, तुमच्यासमोर मोहरीच्या तेलाच्या दोन बाटल्या आहेत. एक न्यू जर्सीला राहणाऱ्या मावसभावाने तिथल्या भारतीय दुकानातून घेतलेली, दुसरी खामगावच्या बाजारातून आणलेली. दोन्हींवर एकच ओळ आहे: ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’. म्हणजे फक्त बाह्य वापरासाठी. आता सांगा, या दोन ओळींचा अर्थ एकच आहे का?

नाही. गंमत म्हणजे दोन्हीकडे शब्द तेच आहेत, पण कारणं अगदी वेगळी आहेत.

आधी न्यू जर्सीची बाटली घेऊ. मोहरीच्या तेलात इरुसिक आम्ल नावाचं एक मेदाम्ल असतं. त्याची साखळी 22 कार्बनची, म्हणजे नेहमीच्या मेदाम्लांपेक्षा लांब. आपल्या पारंपरिक मोहरीच्या तेलात त्याचं प्रमाण साधारण 40 टक्के किंवा त्याहून जास्त भरतं. उंदरांना असं तेल भरपूर खाऊ घातलं, तेव्हा त्यांच्या हृदयाच्या स्नायूत चरबीचे थेंब साठलेले दिसले. कारण असं की हृदयाच्या पेशींतली मायटोकाँड्रिया ही लांब साखळी सावकाश जाळतात, आणि न जळलेली चरबी तिथेच साठते. या निष्कर्षांनंतर कॅनडाने 1970च्या दशकात कमी इरुसिक आम्लाचं रेपसीड, म्हणजे आजचं कॅनोला, तयार केलं. अमेरिकेत रेपसीड तेलासाठी 2 टक्क्यांची मर्यादा आहे आणि घाण्यावर काढलेलं मोहरीचं तेल खाद्यतेल म्हणून विकायला परवानगीच नाही. अंगाला लावायला मात्र विकता येतं. म्हणून तिथे पोचणाऱ्या बाटलीवर ती ओळ येते. आतलं तेल बऱ्याचदा तेच असतं, जे बिहार-बंगालात रोज फोडणीला पडतं.

मग खरं कोण, अमेरिका की बंगाल? इथे संशोधनाकडे वळणाऱ्यांनी एक छोटं गणित करून बघावं.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये इरुसिक आम्लाची सहन करण्याजोगी दैनिक मात्रा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे 7 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला म्हणजे दिवसाला 420 मिलिग्रॅम. एक चमचा तेल सुमारे साडेचार ग्रॅम. 40 टक्के धरले तर त्यात 1.8 ग्रॅम इरुसिक आम्ल, म्हणजे मर्यादेच्या चौपटीहून जास्त. एका चमच्यातच! इथपर्यंत वाचून कुणीही घाबरेल.

पण तो 7चा आकडा आला कुठून, हे विचारा. लहान उंदीर आणि नवजात डुकराच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत, दर किलो वजनामागे 0.7 ग्रॅमपर्यंत दुष्परिणाम दिसला नव्हता. त्याला 100ने भागून 7 मिलिग्रॅम काढले. माणूस आणि प्राणी यांतला फरक, शिवाय माणसामाणसांतला फरक, यांसाठी ठेवलेली ती सोय आहे. न भागलेली मात्रा 60 किलोच्या माणसासाठी 42 ग्रॅम इरुसिक आम्ल, म्हणजे रोज जवळपास 105 ग्रॅम तेल होते. तेव्हा ‘मर्यादा ओलांडली’ याचा अर्थ ‘अपाय झाला’ असा नव्हे. राखीव ठेवलेलं अंतर आपण वापरायला लागलो, एवढाच. शिवाय उंदरांतले ते थेंब तेल चालू असतानाही काही आठवड्यांत कमी होत गेले होते.

माणसांचं काय? दिल्ली आणि बंगळूरच्या रुग्णालयांत हृदयविकाराचे 350 रुग्ण आणि 700 इतर लोक यांची तुलना करणारा एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोहरीचं तेल वापरणाऱ्यांत धोका उलट कमी दिसला. पण हाही निर्णायक पुरावा नाही. लोकांना आहार आठवून सांगायचा होता, आणि मोहरीचं तेल खाणाऱ्यांचं बाकीचं जेवणही वेगळं असतं. थोडक्यात, अमेरिकेची ओळ प्राण्यांवरून घेतलेली खबरदारी आहे. माणसात झालेल्या अपायाची ती नोंद नाही. लहान बाळांच्या बाबतीत मात्र ती खबरदारी पाळलेलीच बरी, कारण प्रयोगांत त्रास दिसला तो कोवळ्या वयातच.

आता खामगावची बाटली. भारतात मोहरीचं तेल कायद्याने खाद्यतेल आहे, इरुसिक आम्लासकट. मग इथे तीच ओळ का? तर विकणाऱ्याने हे तेल अन्न म्हणून बाजारात आणलेलंच नाही. ते मालिशचं किंवा दिव्याचं तेल आहे. अन्नाला लागू असलेली मानकं त्याला लागू होत नाहीत, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं मानक म्हणजे तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल अजिबात नसावं.

पिवळा धोत्रा तुम्ही पाहिलेला आहे. बुलढाण्याकडे पडीक रानात, रस्त्याच्या कडेला, काटेरी पानांचं आणि पिवळ्या फुलांचं ते झुडूप. त्याचं बी काळं, गोल, मोहरीएवढं. रब्बीत दोन्ही सोबत पिकतात आणि सहज मिसळतात, कधी मुद्दाम मिसळले जातात. त्यातल्या सँग्विनारिन या विषाने पाय सुजतात, धाप लागते, काहींच्या डोळ्यांत दाब वाढतो. 1998 मध्ये दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने सुमारे 60 माणसं दगावली. त्यानंतरच सरकारने खाद्यतेल बंद पॅकिंगमध्ये विकण्याचा आदेश काढला.

इथे एक चकवा आहे. ‘बाह्य वापर’ म्हणजे मालिशीला तरी बिनधास्त, असं वाटतं ना? दूषित तेलाच्या मालिशीनेही हा आजार झाल्याची नोंद 1985 मध्ये प्रसिद्ध झालेली आहे, कारण विष कातडीतून आत जातं. आणि वासावरून कळेल म्हणाल, तर नाकात जाणारा झणका वरून सुगंधद्रव्य घालूनही आणता येतो. खात्री होते ती प्रयोगशाळेत. साध्या चाचणीत तेलाइतकंच नायट्रिक आम्ल घालून हलवतात, आम्लाचा थर नारिंगी-लाल झाला तर संशय पक्का होतो. पण भेसळ अगदी थोडी असेल तर ही चाचणी चुकते, आणि हे आम्ल घरी हाताळायचं कामही नाही.

आपल्याकडे रोजचा स्वयंपाक बहुतेक सोयाबीन किंवा शेंगदाण्याच्या तेलात होतो. मोहरीचं तेल येतं ते गुडघ्यांना, बाळाच्या मालिशीला, क्वचित लोणच्याला. म्हणून घोळ होतो तो इथेच: मालिशीला आणलेली बाटली संपत आली नाही, लोणचं घालायचंय, तर तीच ओतली. असं करू नका. खायचं तेल घेताना पाकिटावर हिरवं शाकाहारी चिन्ह आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक बघा. ‘बाह्य वापरासाठी’ असं लिहिलंय आणि हे दोन्ही नाही, तर ते तेल स्वयंपाकघरात नेऊच नका. मालिशीलाही शक्यतो खाद्य म्हणून विकलेलंच तेल घ्या. त्याची निदान धोत्र्यासाठी तपासणी होणं अपेक्षित असतं.

न्यू जर्सीची ओळ तेलात काय आहे ते सांगते. खामगावची ओळ तेलात काय नाही याची हमी कुणी दिलेली नाही, एवढं सांगते. इशारा वाचताना तो नेमका कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे आधी शोधा.