प्रश्नपत्रिकेचीच परीक्षा

प्रश्न रचणाऱ्यास स्वतःच्या प्रश्नातील दोष सहसा दिसत नाही. काय विचारावयाचे हे त्याच्या मनात आधीच पक्के असते आणि शब्दांत जे उतरले नाही तेही तो वाचताना मनाने भरून घेतो. विद्यार्थ्यापुढे मात्र कागदावरील शब्दांखेरीज दुसरे काही नसते. ही उणीव परीक्षेच्या दिवशी ध्यानात आली तर उपाय उरत नाही. म्हणून केंद्रातील सर्व शाळांसाठी एक प्रश्नपत्रिका काढली जाते तेव्हा ती छापण्यापूर्वी सहा ते आठ मुलांकडून सोडवून घ्यावी. हीच तिची पूर्वचाचणी होय.

मुले त्याच इयत्तेची, परंतु ही परीक्षा न देणाऱ्या दुसऱ्या केंद्रातील शाळेची निवडावीत. तशी सोय नसेल तर शाळा सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पुढील इयत्तेतील मुले घेतली तरी चालते. मात्र ती थोडी अधिक सराईत असतात हे लक्षात ठेवावे. आठ मुलांत दोन हुशार, चार मध्यम व दोन मागे पडणारी असावीत. केवळ हुशार मुले निवडल्यास वेळेचा अंदाज हमखास चुकतो.

चाचणीच्या वेळी खऱ्या परीक्षेप्रमाणेच वागावे. प्रश्न वाचून दाखवू नयेत व अर्थ सांगू नये. मुलाने शंका विचारली तर 'तुला समजेल तसे लिही' एवढेच उत्तर द्यावे. परंतु ती शंका त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावी, कारण अशा शंकेमागे बहुधा प्रश्नातील दोष असतो. दर दहा मिनिटांनी खूण करताच मुलांनी त्या क्षणी चालू असलेल्या प्रश्नाशेजारी फुली मारावी. वेळ संपली की कागद काढून न घेता उत्तराखाली एक आडवी रेघ मारावयास सांगावे व राहिलेले प्रश्न पुढे सोडवू द्यावेत.

या रेघेचे महत्त्व एका उदाहरणाने पाहू. इयत्ता चौथीची गणिताची प्रश्नपत्रिका आहे, प्रश्न दहा, गुण २० आणि वेळ एक तास. आठ मुलांपैकी पाच मुलांचे नववा व दहावा हे प्रश्न तासाभरात कोरे राहिले. एवढेच पाहिले असते तर हे प्रश्न मुलांना जड गेले, असाच निष्कर्ष निघाला असता. परंतु रेघेखाली आणखी बारा मिनिटांत पाचांपैकी चार मुलांनी दोन्ही प्रश्न बरोबर सोडविले. म्हणजे प्रश्न कठीण नव्हते; प्रश्नपत्रिका लांब होती. हा भेद न कळल्यास शिक्षक पुढील दोन आठवडे मुलांना येणारीच गोष्ट पुन्हा शिकवीत बसतो आणि मुलाच्या नावापुढे 'कच्चा' असा शेरा मात्र कायम राहतो.

वेळ कोठे गेला हे फुल्यांवरून कळले. चौथ्या प्रश्नात अर्ध्या गुणाचे चार भागाकार होते. दोन गुणांच्या या प्रश्नावर मध्यम मुलांची चौदा मिनिटे खर्च झाली. चाराऐवजी एकेक गुणाचे दोन भागाकार ठेवले तर गुण तेवढेच राहतात, भागाकार येतो की नाही तेही कळते आणि सुमारे सात मिनिटे वाचतात. उरलेला खोळंबा सातव्या प्रश्नाजवळ झाला होता.

तो प्रश्न असा होता : 'ज्या दुकानदाराने ६ रुपयांस एक याप्रमाणे घेतलेल्या ४८ वह्यांपैकी ५ भिजल्यामुळे उरलेल्या ८ रुपयांस एक याप्रमाणे विकल्या, त्यास किती नफा झाला?' दोन मुलांनी विचारले, 'गुरुजी, भिजलेल्या वह्यांचे काय केले?' अशा ठिकाणी चाचणीनंतर मुलास जवळ बसवून प्रश्न मोठ्याने वाचावयास सांगावा व काय विचारले आहे ते त्याच्याच शब्दांत सांगावयास लावावे. नंतर तोच प्रश्न साध्या बोलीत तोंडी घालावा. तोंडी विचारताच मूल गणित करू लागले तर दोष वाक्याचा, आणि तरीही अडले तर दोष गणिताच्या तयारीचा समजावा. येथे दोष वाक्याचा निघाला. सुधारलेला प्रश्न असा झाला : 'दुकानदाराने ४८ वह्या घेतल्या. प्रत्येक वही ६ रुपयांस पडली. ५ वह्या भिजून वाया गेल्या. उरलेल्या सर्व वह्या त्याने प्रत्येकी ८ रुपयांस विकल्या. त्याला किती नफा झाला?' खर्च २८८ रुपये, विक्री ३४४ रुपये, नफा ५६ रुपये. गणित तेच राहिले, केवळ वाचनाचा अडसर गेला आणि त्यासोबत वाया जाणारी चार-पाच मिनिटेही वाचली.

दुसरा एक दोष याहून फसवा असतो. '४० मीटर लांबीच्या बांधावर दर ५ मीटरला एक झाड लावल्यास किती झाडे लागतील?' या प्रश्नाचे उत्तरसूचीत ८ असे उत्तर होते. मध्यम मुलांनी ८ लिहिले, तर दोन्ही हुशार मुलांनी ९ लिहिले. हुशार मुले चुकतात व इतरांचे बरोबर येते, तेव्हा प्रथम प्रश्नाचाच संशय घ्यावा. दोन्ही टोकांना झाड धरले तर उत्तर ९ हेच खरे. आता शिक्षकाने आपणांस काय तपासावयाचे होते हे ठरविले पाहिजे. केवळ भागाकार तपासावयाचा असेल तर '४० मीटर दोरीचे ५ मीटरचे किती तुकडे होतील?' असे विचारणे पुरेसे आहे. टोकांचा विचारच तपासावयाचा असेल तर 'दोन्ही टोकांना एकेक झाड' असे प्रश्नात स्पष्ट लिहावे आणि उत्तरसूचीत ९ करावे.

शब्द बदललेला प्रश्न तसाच छापू नये. एक दोष काढताना दुसरा शिरतो, म्हणून तो आणखी दोन-तीन नव्या मुलांकडून वाचून व सोडवून घ्यावा. यासाठी पूर्वचाचणी छपाईच्या निदान पंधरा दिवस आधी झाली पाहिजे. गुप्ततेसाठी सर्व प्रती व कच्च्या कामाचे कागद मोजून परत घ्यावेत आणि अखेरीस आकडे बदलावेत. मात्र बदललेले आकडे तेवढेच सोपे वा अवघड असावेत. हातच्याचा गुणाकार असेल तर नवाही हातच्याचाच असावा, नाहीतर मोजलेला वेळ निरुपयोगी ठरतो.

आठ मुलांच्या चाचणीला मर्यादाही आहे. शेकडा किती मुलांना प्रश्न जमेल हे तीवरून सांगता येत नाही आणि एखादे मूल अडले म्हणून प्रश्न सोपा करू नये. तिच्याकडून दोनच उत्तरे घ्यावीत : दिलेला वेळ पुरतो काय, आणि जे विचारावयाचे होते तेच मुलास वाचता येते काय. मध्यम मूल सारी उत्तरे लिहून पाच-सात मिनिटे उरवीत असेल व एकही शंका विचारीत नसेल, तर प्रश्नपत्रिका छापावयास देण्यास हरकत नाही.