केबल तुळईच्या मध्यातून का नेत नाहीत?

साध्या तुळईवर भार आला की ती मध्ये खाली वाकते. वरचा थर दबतो, खालचा ताणला जातो. दाब सोसणाऱ्या काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून भेग खालून पडते. फ्रेंच इंजिनियर यूजीन फ्रेसिने यांनी १९२८ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, तो उपाय असा: ताणलेल्या पोलादाने काँक्रीट आधीच दाबून ठेवायचं. पण ते पोलाद किती खाली ठेवायचं, यावर बरंच काही ठरतं.

३०० मिमी रुंद, ६०० मिमी खोल आणि ८ मीटर गाळ्याची तुळई घेऊ. केबलचा जोर ९०० किलोन्यूटन, म्हणजे साधारण ९० टन. केबल बरोबर मध्यातून नेली, तर हा जोर १,८०,००० चौरस मिमी छेदावर सारखा पसरतो आणि दर चौरस मिमीला ५ न्यूटन दाब येतो. पुढचे आकडे याच मापात आहेत. तुळईचं वजन आणि वरचा भार मिळून मीटरला १८ किलोन्यूटन धरले, तर गाळ्याच्या मध्यावर वाकवणारा आघूर्ण १४४ किलोन्यूटन-मीटर होतो. त्याला छेद-गुणांकाने (रुंदी गुणिले खोलीचा वर्ग, भागिले ६) भागलं की ८ येतात: वर ८ दाब, खाली ८ ताण. खालच्या थरात ५ दाब होता, तो संपून ३ ताण उरतो. इथे भेगेची भीती आहे.

आता तीच केबल मध्यरेषेच्या १२० मिमी खाली नेऊ. जोर तितकाच, पण तो तुळईला वरच्या बाजूला कमानीसारखी उचलू पाहतो. त्यामुळे खाली आणखी ६ दाब येतो आणि वर ६ ताण. पूर्ण भाराखाली खालच्या थराचा हिशेब ५ अधिक ६ उणे ८, म्हणजे ३ दाब. वर ५ उणे ६ अधिक ८, म्हणजे ७ दाब. जादा पोलाद न घालता भेग टळली.

काँक्रीट आकसतं, सावकाश दबत जातं आणि केबल थोडी सैलावते. यात जोराचा पाचवा हिस्सा गेला असं धरलं, तरी खाली ०.८ दाब शिल्लक राहतो.

धोका मात्र भार नसताना असतो. केबल छेदाच्या मधल्या तिसऱ्या भागाबाहेर, इथे १०० मिमीपेक्षा खाली गेली की एकट्या केबलमुळे वर ताण येतो. आपल्या तुळईत तो १ आहे. तुळईच्या स्वतःच्या वजनाचा २ दाब त्याला झाकतो, पण ती दोन्ही टोकांवर टेकलेली असेल तरच. क्रेनने तीच तुळई मध्यभागी धरून उचलली, तर टोकं खाली लोंबतात, वजनाचा परिणाम उलटतो आणि वरचा ताण ३ होतो. काँक्रीट अजून कोवळं असेल, तर मध्यावर वरच्या बाजूने आडवी भेग दिसू शकते. म्हणून अशी तुळई टोकांजवळच उचलतात.