अर्धवट टाकी आणि जहाजाचा तोल

जहाजातली टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर आतल्या पाण्याला हलायला जागा नसते. ते पाणी दोरखंडाने बांधलेल्या मालासारखे जागच्या जागी राहते. टाकी अर्धवट भरली की पाण्याचा वरचा पृष्ठभाग मोकळा होतो. मग जहाज एका बाजूला कलले की परातीतल्या पाण्याप्रमाणे टाकीतले पाणीही खालच्या बाजूकडे धावते आणि कल वाढवू पाहते. यालाच ‘मुक्त पृष्ठभाग परिणाम’ म्हणतात.

कललेले जहाज पुन्हा सरळ होते ते दोन बलांमुळे. जहाजाचे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते आणि समुद्राचे पाणी त्याला वर उचलते. जहाज कलले की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, उचलणारे बल कललेल्या बाजूकडे सरकते आणि जहाजाला परत ढकलते. हे बल ज्या रेषेत वर जाते, ती रेषा जहाजाच्या मध्यरेषेला जिथे छेदते तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. गुरुत्वमध्य या बिंदूच्या जितका खाली, तितके जहाज स्थिर. या दोहोंमधल्या अंतराला मेटासेंट्रिक उंची म्हणतात. टाकीतले पाणी सरकले की गुरुत्वमध्यही कललेल्या बाजूला सरकतो आणि परत ढकलणारा जोर घटतो. गुरुत्वमध्य तेवढा वर चढला असता, तर जो परिणाम झाला असता तोच हा.

किती घट होते, ते एका काल्पनिक जहाजावर पाहता येईल. जहाजाचे एकूण वजन ८,००० टन, रुंदी १८ मीटर आणि मेटासेंट्रिक उंची ०.८० मीटर आहे. त्याच्या तळात १५ मीटर लांब, १६ मीटर रुंद अशी समुद्राच्या पाण्याची एकच अर्धवट टाकी आहे. रुंदीचा घन करून त्याला लांबीने गुणायचे आणि १२ने भागायचे. उत्तर येते ५,१२०. त्याला पाण्याच्या घनतेने, म्हणजे १.०२५ने गुणून जहाजाच्या वजनाने भागले की सुमारे ०.६६ मीटर मिळतात. ०.८०मधून ते वजा करता जेमतेम ०.१४ मीटर उरतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मालवाहू जहाजाला साधारणपणे किमान ०.१५ मीटर हवे असतात.

या हिशेबात पाण्याची खोली कुठेच आली नाही. टाकीत मीटरभर पाणी असो की दोन मीटर, लहान कलासाठी घट जवळपास तेवढीच. (पाणी अगदी थोडे असले किंवा टाकी छताला टेकत आली असली, तर कलताच पृष्ठभाग आखडतो आणि परिणाम कमी होतो.) सगळा भार रुंदीवर आहे. म्हणून याच टाकीच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक पडदी घातली, की दोन्ही भाग मिळून घट ०.१६ मीटरवर येते, म्हणजे चौथाई. आडवी पडदी घातली, तर काहीच फायदा होत नाही.

धोका असा की बाहेरून काहीच दिसत नाही. टाकी वापरता वापरता अर्धी झाली, तरी जहाज सरळच उभे असते आणि बाजूवरच्या खोलीच्या खुणांवरूनही ही घट कळत नाही. फरक कळतो तो डुलण्यात. वरच्या जहाजाला एका बाजूला कलून पूर्ववत यायला आधी सुमारे १६ सेकंद लागत असतील, तर उंची ०.१४ मीटर उरल्यावर ३८ सेकंदांच्या आसपास लागतील. हे संथ, कलाच्या टोकाला रेंगाळणारे डुलणे खलाशांना सुखाचे वाटते. अनुभवी अधिकारी मात्र सगळ्या टाक्यांची खोली मोजायला लावतो. म्हणूनच इंधन व पाणी एका वेळी मोजक्याच टाक्यांतून काढतात आणि बाकीच्या भरलेल्या किंवा रिकाम्या ठेवतात.

बॅलास्टचे पाणी भर समुद्रात बदलताना ही काळजी विशेष लागते, कारण मोठ्या टाक्या तेव्हा मुद्दाम रिकाम्या करून पुन्हा भरल्या जातात. २००६च्या जुलैमध्ये ‘कूगर एस’ हे मोटारी वाहून नेणारे जहाज जपानहून उत्तर अमेरिकेकडे जात होते. अलास्काच्या अल्यूशियन बेटांच्या दक्षिणेला हेच काम चालू असताना त्याची स्थिरता गेली आणि ते सुमारे ६० अंश कलले. त्यावरचे २३ जण वाचले.

मेटासेंट्रिक उंची शून्याखाली गेली की जहाज सरळ उभे राहू शकत नाही. ते डावीकडे किंवा उजवीकडे काही अंशांवर कलून तिथेच थांबते. अशा वेळी वरच्या बाजूच्या टाकीत पाणी भरून कल काढावा असे वाटते आणि तीच घातक चूक ठरते. जहाज सरळ होऊन थांबत नाही, वेगाने दुसऱ्या बाजूला आपटते आणि आधीपेक्षा जास्त कलते. योग्य उपाय वेगळा आहे: आधी अर्धवट टाक्या कमी करायच्या, मग तळातली शक्य तितकी अरुंद टाकी निवडायची आणि पाणी कललेल्या, म्हणजे खालच्या बाजूला आधी भरायचे. सुरुवातीला कल थोडा वाढतो, कारण वजनही त्याच बाजूला पडते आणि नवा मोकळा पृष्ठभागही तयार होतो. ती टाकी पूर्ण भरली, की तळातल्या वजनाने गुरुत्वमध्य खरोखर खाली येतो. त्यानंतरच दुसऱ्या बाजूची टाकी भरायला घेतात.