एचडीएल वाढलं, धोका तेवढाच राहिला

कॅनडातल्या सास्काचेवान विद्यापीठात रुडॉल्फ आल्टशूल नावाचे एक शरीररचनातज्ज्ञ धमन्या कशा कडक होतात याचा अभ्यास करत होते. त्याच प्रांतातले मनोविकारतज्ज्ञ एब्रम हॉफर हे आपल्या रुग्णांना ब गटातलं एक जीवनसत्त्व भरपूर मात्रेत देऊन पाहत होते. या दोघांची गाठ पडली आणि 1955 साली एक छोटा शोधनिबंध छापून आला. निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन, ग्रॅमच्या मापात दिलं तर माणसाच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं, असं त्यात म्हटलं होतं. कोलेस्टेरॉलवर धड औषध नसलेल्या त्या काळात ही बातमी मोठी होती. पहिलं स्टॅटिन बाजारात यायला अजून 32 वर्षं होती.

नायसिन हे जीवनसत्त्व ब-3. रोजच्या जेवणातून मोठ्या माणसाला ते 14 ते 16 मिलिग्रॅम मिळालं की पुरतं. ते मिळालं नाही तर पेलाग्रा होतो. उन्हात उघडी राहणारी त्वचा काळवंडून सोलवटते, जुलाब लागतात, डोकं भ्रमतं. दख्खनच्या पठारावर जवळपास नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब शेतमजुरांमध्ये हा आजार दिसायचा आणि हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर बरंच काम केलं. पण कोलेस्टेरॉलसाठी दिलं जाणारं नायसिन दिवसाला दीड-दोन हजार मिलिग्रॅम असे, कधी तीन हजार. म्हणजे गरजेच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त. एवढ्या मात्रेत ते जीवनसत्त्व राहत नाही, एक जोरकस औषध होतं, आणि औषधासारखेच त्याचे दुष्परिणाम असतात.

पहिला दुष्परिणाम रुग्णाला अर्ध्या तासाच्या आतच कळायचा. साधी गोळी घेतली की चेहरा, मान, छाती लालबुंद होई, अंगाची आग होई, खाज सुटे, कान गरम होत. साधारण तासाभरात सगळं ओसरे. त्वचेतल्या काही पेशींवर नायसिनसाठी एक ग्राही असतो. तो जागा झाला की त्या पेशी प्रोस्टाग्लँडिन डी-2 नावाचं द्रव्य सोडतात आणि त्याने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात. ही ॲलर्जी नव्हे, पण पहिल्यांदा हे घडल्यावर घाबरून डॉक्टरांना फोन करणारे रुग्ण पुष्कळ असत. म्हणून डॉक्टर सगळा बेत आखून देत. हळूहळू विरघळणारी गोळी, सुरुवात 500 मिलिग्रॅमने, मग चार-चार आठवड्यांनी थोडी वाढ. गोळी झोपताना घ्यायची, उपाशीपोटी नाही, सोबत गरम चहा किंवा मद्य नको, आणि अर्धा तास आधी एक ॲस्पिरिन. एवढं करूनही बरेच जण मध्येच औषध सोडून देत.

मग इतका खटाटोप कशासाठी? कारण एचडीएल.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या संशोधकांनी 1977 साली दाखवलं की ज्यांचं एचडीएल कमी, त्यांना हृदयविकार जास्त होतो. एचडीएल हे धमनीच्या भिंतीतलं जादा कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेतं, त्यामुळे ते वाढवलं तर भिंती साफ राहतील, असा तर्क बसला. तो सरळ होता आणि पटण्यासारखाही. एलडीएल उतरवायला स्टॅटिन होतीच, पण एचडीएल त्यांनी फारसं हलत नाही. नायसिनने मात्र ते 15 ते 35 टक्क्यांनी वाढे, शिवाय ट्रायग्लिसराइड उतरत आणि एलडीएलही थोडं खाली येई. लिपिड प्रोफाइलच्या कागदावरचे सगळे आकडे एकदम योग्य दिशेला नेणारं दुसरं औषध तेव्हा हाताशी नव्हतं. एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त ही जोडी आपल्याकडच्या रिपोर्टांत फार दिसते, त्यामुळे इथल्या डॉक्टरांनाही नायसिन जवळचं वाटलं यात नवल नाही.

जुना पुरावाही पाठीशी होता. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आठ हजारांहून अधिक अमेरिकी पुरुषांवर 1966 ते 1975 या काळात कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाची चाचणी झाली. त्यात नायसिन घेणाऱ्यांना जिवावर न बेतलेले दुसरे झटके कमी आले. चाचणीच्या काळात मृत्यूंमध्ये फरक पडला नाही, पण पंधरा वर्षांनी पुन्हा हिशेब केला तेव्हा नायसिन गटातले मृत्यू अकरा टक्क्यांनी कमी निघाले. हा निकाल खरा आहे आणि तो विसरून चालणार नाही. फक्त त्या पुरुषांपैकी कोणीही स्टॅटिन घेत नव्हतं, कारण ते अस्तित्वातच नव्हतं. नायसिनचा फायदा दिसला तो त्या जगातला. तो एचडीएल वाढल्यामुळे झाला की एकूण कोलेस्टेरॉल उतरल्यामुळे, हेही त्यातून ठरत नव्हतं.

स्टॅटिन चांगलं चालू असलेल्या रुग्णाला वरून नायसिन दिल्यास आणखी काही मिळतं का, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी अमेरिकेत आणि कॅनडात 'एम-हाय' नावाची चाचणी उभी राहिली. हृदयविकार किंवा धमन्यांचा आजार असलेले आणि एचडीएल कमी असलेले 3414 रुग्ण घेतले. सगळ्यांना सिम्व्हास्टॅटिन, आणि गरज पडेल तिथे जोडीला आणखी एक औषध देऊन एलडीएल 40 ते 80 च्या दरम्यान बांधून ठेवलं. मग निम्म्यांना रोज दीड ते दोन ग्रॅम नायसिन आणि निम्म्यांना दिसायला तशीच बनावट गोळी. लालबुंद होण्यावरून कोणती गोळी कोणाला आहे हे ओळखू येऊ नये म्हणून बनावट गोळीतही चिमूटभर नायसिन घातलं होतं. औषध तपासणारे लोक अशा बारकाव्यांची किती काळजी घेतात, ते यात दिसतं.

दोन वर्षांनी कागदावर सगळं मनासारखं झालं. नायसिन गटात एचडीएल 35 वरून 42 झालं, ट्रायग्लिसराइड 164 वरून 122 वर आले, एलडीएल 74 वरून 62. हृदयविकाराने मृत्यू, झटका, पक्षाघात, छातीत दुखून तातडीने दाखल होणं किंवा रक्तवाहिनी मोकळी करण्याची वेळ येणं, या सगळ्या घटना मोजल्या, तेव्हा नायसिन गटात त्या 282 जणांना झाल्या होत्या आणि बनावट गोळीच्या गटात 274 जणांना. म्हणजे 16.4 टक्के आणि 16.2 टक्के. मे 2011 मध्ये ही चाचणी ठरलेल्या मुदतीच्या दीड वर्ष आधीच थांबवण्यात आली, कारण पुढे चालवून काही हाती लागेल अशी आशा उरली नव्हती.

तरीही नायसिनची बाजू घेणारे होते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. चाचणी लहान होती आणि बनावट गोळीच्या गटातही एचडीएल 38 पर्यंत चढलं होतं, म्हणून फरक दिसला नसेल, असं ते म्हणत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटन, उत्तर युरोप आणि चीनमधले 25,673 रुग्ण घेऊन त्या शंकेचं उत्तर दिलं. या वेळी नायसिनच्या गोळीत लॅरोपिप्रँट हे दुसरं औषध मिसळलं होतं, ते त्वचेची लाली रोखतं. जवळपास चार वर्षं पाठपुरावा झाला. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना नायसिन गटात 13.2 टक्के, दुसऱ्या गटात 13.7 टक्के. हा फरक योगायोगाने पडू शकेल इतकाच होता.

दुष्परिणाम मात्र योगायोगाचे नव्हते. आधीच मधुमेह असलेल्या दर हजार रुग्णांमागे साधारण 37 जणांची साखर जास्तीची इतकी बिघडली की ती गंभीर घटना म्हणून नोंदवावी लागली. ज्यांना मधुमेह नव्हता त्यांच्यातही नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण वाढलं. पोटाचे त्रास, स्नायूंचे त्रास, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गही वाढले. ज्या रुग्णांसाठी, म्हणजे मधुमेह आणि कमी एचडीएल असलेल्यांसाठी, हे औषध सर्वांत उपयोगी वाटत होतं, त्यांनाच ते सर्वांत महागात पडलं. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. जानेवारी 2013 मध्ये ही जोडगोळी युरोपातून मागे घेण्यात आली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल 2016 मध्ये स्टॅटिनच्या जोडीने नायसिन देण्याची मान्यता काढून घेतली.

एचडीएल वाढूनही काही का घडलं नाही? एक उत्तर आनुवंशिकतेच्या अभ्यासातून आलं. काही माणसांच्या एका जनुकात जन्मतःच असा फरक असतो की त्यांचं एचडीएल आयुष्यभर पाच-साडेपाच मिलिग्रॅमने जास्त राहतं आणि बाकी काही फारसं बदलत नाही. एचडीएलच धमन्यांचं रक्षण करत असेल, तर या लोकांना झटके कमी यायला हवेत. 2012 साली हजारो लोकांची तपासणी करून पाहिलं, तर त्यांना झटके इतरांइतकेच आले होते. त्याच सुमारास एचडीएल वाढवणारी दुसऱ्या जातीची औषधंही एकामागून एक फसत होती. टॉर्सेट्रापिबने तर मृत्यू वाढले आणि 2006 साली त्याची चाचणी तडकाफडकी थांबवावी लागली.

दुसरं उत्तर नायसिन एचडीएल कसं वाढवतं यात आहे. ते एचडीएलची निर्मिती फारशी वाढवत नाही, मुख्यतः त्याचं मोडणं मंदावतं. प्रभागात किती घंटागाड्या उभ्या आहेत ते मोजून घराघरातला कचरा किती उचलला गेला हे कळत नाही, तसाच हा प्रकार आहे. रक्तात एचडीएल जास्त वेळ फिरत राहतं आणि मोजल्यावर आकडा मोठा येतो, पण धमनीच्या भिंतीतून कोलेस्टेरॉल तेवढंच जास्त उचललं गेलं असं त्यावरून ठरत नाही. फ्रेमिंगहॅमचं निरीक्षण खोटं नव्हतं. कमी एचडीएल ही बहुधा पोटावरची चरबी, वाढलेले ट्रायग्लिसराइड, व्यायामाचा अभाव आणि धूम्रपान यांच्या सोबत चालणारी खूण आहे. खूण पुसली म्हणून मूळ दुखणं जात नाही.

2024 साली यात आणखी एक भर पडली. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या स्टॅनली हेझन यांच्या गटाला असं आढळलं की जादा नायसिन शरीरात मोडताना तयार होणारा एक पदार्थ ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांना हृदयविकाराच्या घटना जास्त. हा पदार्थ उंदरांना दिल्यावर त्यांच्या रक्तवाहिन्यांमध्ये दाह वाढला. एलडीएल उतरवूनही नायसिनचा फायदा का दिसला नाही, याचं हे एक कारण असू शकतं. अजून ते सिद्ध झालेलं नाही.

आज पेलाग्रासाठी नायसिन किंवा त्याचं भावंड नायसिनामाइड देतात, ते आवश्यकच आहे. स्टॅटिन सोसत नाही अशा एखाद्या रुग्णात डॉक्टर क्वचित त्याचा विचार करतात, पण त्यांच्यापाशी आता अधिक भरवशाची औषधं आहेत. धोका उरतो तो पूरक आहाराच्या नावाने विकल्या जाणाऱ्या डब्यांचा. त्यातल्या काहींवर 500 मिलिग्रॅम किंवा त्याहून मोठी मात्रा छापलेली असते. हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्यांनी अंग लाल होत नाही, पण यकृताला इजा होऊ शकते. भूक मरणं, मळमळ, गडद लघवी, डोळे पिवळे होणं ही तिची लक्षणं. साखर चढते, आणि युरिक आम्ल वाढून पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजू शकतो. घरात असा डबा असेल तर त्यावरची मात्रा वाचा आणि पुढच्या भेटीला तो डॉक्टरांना दाखवा.